स्थिर वाढीच्या लाभांश प्रतिमानाची पार्श्वभूमी

वित्ताच्या परीक्षेत गॉर्डन यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र, P = D1 / (k − g), म्हणजे पुढील वर्षीचा लाभांश भागिले अपेक्षित परतावा वजा वाढीचा दर, शेअरची किंमत काढण्यासाठी वापरले जाते; मात्र ज्या लेखातून ते रूढ झाले, त्याचा मूळ प्रश्न किमतीचा नव्हता.

शेअरचे मूल्य म्हणजे भविष्यात मिळणाऱ्या लाभांशांचे आजचे मूल्य, ही भूमिका जॉन बर विल्यम्स यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडली. पुढे १९५६ मध्ये मायरन गॉर्डन आणि एली शापिरो यांनी यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीवर कंपनीने किमान किती नफ्याची अपेक्षा धरावी, हा प्रश्न हाती घेतला. बाजारभाव उपलब्धच असल्याने तो गृहीत धरून त्यांनी भागधारकांना अपेक्षित असलेला परतावा, म्हणजे k, शोधला: लाभांशाचे किमतीशी प्रमाण अधिक वाढीचा दर. नफ्याचा राखून ठेवलेला हिस्सा गुणिले त्यावरील परतावा, अशी वाढीच्या दराची फोडही त्यांनी केली.

आज विद्यार्थी हेच समीकरण उलट्या दिशेने सोडवतात. समजा, कंपनीने नुकताच प्रति शेअर ५ लाभांश दिला आहे, ती ४० टक्के नफा राखून ठेवते आणि त्यावर १५ टक्के मिळवते. तर वाढीचा दर ६ टक्के होतो. अपेक्षित परतावा ११ टक्के असल्यास पुढील वर्षीचा लाभांश ५.३० आणि किंमत ५.३० ÷ ०.०५, म्हणजे १०६ येते. ताळा पाहायचा तर ५.३० ÷ १०६ म्हणजे ५ टक्के, त्यात ६ मिळवले की ११.

इथे अनेकांचे गुण जातात, कारण ते अंशस्थानी ५ ठेवून १०० हे उत्तर लिहितात. गंमत अशी की गॉर्डन-शापिरो यांच्या मांडणीत लाभांश अखंड वाहत असल्याचे गृहीत होते आणि तिथे चालू लाभांशच अंशस्थानी येत असे. वर्षाअखेरीस एकदाच लाभांश मिळतो असे मानले की पुढील वर्षाचा घ्यावा लागतो. म्हणून प्रश्नात ‘नुकताच दिलेला’ म्हटले आहे की ‘अपेक्षित’, हे आधी वाचावे. ‘अपेक्षित लाभांश ५’ असता, तर १०० हेच उत्तर बरोबर ठरले असते.

सूत्राची खरी मर्यादा छेदात आहे. वरच्या उदाहरणात वाढ ६ ऐवजी ९ टक्के धरली, तर लाभांश ५.४५ होऊन किंमत थेट २७२.५० वर जाते, आणि ११ टक्क्यांना छेद शून्य होतो. डेव्हिड ड्युरंड यांनी १९५७ मध्ये वेगाने वाढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरची सांगड सेंट पीटर्सबर्गच्या जुन्या विरोधाभासाशी, म्हणजे अपेक्षित लाभ अनंत येणाऱ्या खेळाच्या कोड्याशी घातली, ती या अनंत किमतीमुळेच. वाढीचा दर परताव्याच्या दराइतका किंवा त्याहून जास्त दिला असेल, तर सूत्र लागूच होत नाही. अशा वेळी येणारी ऋण किंमत हे उत्तर नव्हे. त्या गणितात वेगवान वाढीच्या वर्षांचे लाभांश एकेक करून आजच्या मूल्यावर आणावे लागतात आणि वाढ स्थिरावल्यानंतरच्या काळासाठीच हे सूत्र वापरता येते.