कडक पॅनेल, सैल पॅनेल: मुलाखतीचे गुण एका मापात आणण्यामागचा इतिहास

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं कार्यालय सीबीडी बेलापूरला आहे. तिथून मुलाखत देऊन बाहेर पडलेल्या उमेदवाराला मित्र पहिला प्रश्न विचारतात तो "पॅनेल कोणतं पडलं?" एक पॅनेल सढळ हाताने गुण देतं, दुसरं हात आखडून देतं, ही समजूत परीक्षार्थींमध्ये पक्की आहे. ती अमुक पॅनेलबाबत खरी असो वा नसो, तिच्यामागची अडचण खरी आहे आणि तिच्यावरचा विचार सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

भारतीय सनदी सेवेसाठी लंडनमध्ये 1855 पासून स्पर्धापरीक्षा सुरू झाली. वशिल्याऐवजी गुण आले, पण ते गुण किती भरवशाचे हे कोणी मोजलं नव्हतं. ते काम अर्थशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी केलं. 1888 आणि 1890 मधल्या लेखांत त्यांनी परीक्षकाचे गुण हे दुर्बिणीतून घेतलेल्या वेधासारखे मानले. प्रत्येक वेधात चूक असणारच. खरा गुण म्हणजे अनेक जाणत्या परीक्षकांची सरासरी. लॅटिन गद्याचा एकच उतारा त्यांनी 28 परीक्षकांकडून तपासून घेतला, तेव्हा शंभरपैकी 45 पासून 100 पर्यंत गुण आले. लेखी उत्तराची ही गत, तर दहा मिनिटांच्या तोंडी संभाषणाचं काय असेल!

वैद्यकीय परीक्षांमध्ये हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगितली गेली. विल्यम ऑस्लर यांनी 1913 मध्ये परीक्षकांचे दोन प्रकार वर्णन केले: धातूसारखे कठीण आणि गोगलगायीसारखे मऊ. पुढे त्यांना ससाणे आणि कबुतरं म्हणण्याची पद्धत पडली. 2006 मध्ये ब्रिटनमधल्या फिजिशियनच्या प्रात्यक्षिक परीक्षेचं विश्लेषण झालं. गुणांतल्या पद्धतशीर फरकांपैकी सुमारे 12 टक्के फरक परीक्षकाच्या कडकपणा-सैलपणामुळे होता, असं त्यात दिसलं. बाकी बहुतेक सगळा उमेदवारांतल्या खऱ्या फरकाचा होता. म्हणजे गोंधळ सर्वव्यापी नाही, पण कट-ऑफच्या काठावर उभ्या असलेल्यांना तो पुरेसा आहे.

उपाय म्हणून जे तंत्र रूढ झालं त्याचा पाया शंभर वर्षांपूर्वीचा आहे. कार्ल पिअर्सन यांनी 1890 च्या दशकात प्रमाण विचलन ही संज्ञा दिली. गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं ते माप. विल्यम मॅकॉल यांनी 1922 मध्ये त्यावरून टी-गुण काढले, ज्यात सरासरी 50 आणि विचलन 10 असतं. आज एक्सेलमध्ये केलं जाणारं 'नॉर्मलायझेशन' बहुतेक वेळा याचाच साधा अवतार असतो. उमेदवाराच्या गुणातून त्याच्या पॅनेलची सरासरी वजा करायची, विचलनाने भागायचं, दहाने गुणायचं, पन्नास मिळवायचे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. नौपाड्यातल्या एका पतसंस्थेत लिपिकांची भरती आहे. उमेदवार जास्त म्हणून दोन पॅनेल बसवली, मुलाखत 50 गुणांची. पहिल्या पॅनेलची सरासरी 28, विचलन 4. दुसऱ्याची सरासरी 38, विचलन 2.5. पहिल्या पॅनेलकडे 32 मिळवणारी उमेदवार आणि दुसऱ्याकडे 40 मिळवणारा उमेदवार, या दोघांत पुढे कोण? कच्च्या गुणांवर अर्थातच 40 वाला. टी-गुणांवर मात्र तिचे 60 होतात आणि त्याचे 58. क्रम उलटला. इथे बरेच जण गणित संपवून यादी लावून मोकळे होतात.

पण या गणितात एक गृहीतक गुपचूप बसलं आहे: दोन्ही पॅनेलसमोर सारख्याच ताकदीचे उमेदवार आले. ते खरं नसेल, तर चांगल्या तुकडीची सरासरी जास्त असण्याची शिक्षा त्या तुकडीलाच होते. नेमका हा मुद्दा 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयात संजय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश लोकसेवा आयोग या खटल्यात आला. विषय मुलाखतीचा नव्हता, दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदाच्या लेखी पेपरांचा होता. 200 गुणांच्या पेपरासाठी आयोगाने सरासरी 100 आणि विचलन 20 धरून प्रत्येक परीक्षकाचे गुण त्या मापावर नेले होते. न्यायालयाने म्हटलं की एकाच अनिवार्य विषयात परीक्षकांमधला फरक घालवायला ही पद्धत योग्य नाही. तिथे मॉडरेशन हवं, म्हणजे मुख्य परीक्षकाने नमुन्याच्या उत्तरपत्रिका पाहून कडक-सैल हात ओळखायचा आणि त्या प्रमाणात गुण वर-खाली करायचे. झालेल्या निवडींना मात्र न्यायालयाने हात लावला नाही. माझ्या मते निकालाचा रोख बरोबर होता, कारण मॉडरेशनमध्ये दोन हात एकाच उत्तरपत्रिकेवर पडतात आणि तुलनेला खरा आधार मिळतो.

मुलाखतीत उत्तरपत्रिका नसते, पण समाईक उमेदवार ठेवता येतात. पतसंस्थेने सहा जणांना दोन्ही पॅनेलसमोर बसवलं असं धरू. त्या सहा जणांना पहिल्या पॅनेलने सरासरी 27 दिले, दुसऱ्याने 34. म्हणजे हाताचा फरक 7 गुणांचा. एकूण सरासरीत दिसणारा फरक 10 चा होता. उरलेले 3 म्हणजे दुसऱ्या पॅनेलकडची तुकडीच थोडी सरस असावी. पहिल्या पॅनेलच्या गुणांत 7 मिळवले तर तिचे 39 होतात आणि त्याचे 40. क्रम पुन्हा फिरला! सहा जणांच्या फरकांत 3 गुणांचं विचलन असेल, तर तो 7 चा आकडा सहज दोन-तीन गुणांनी इकडेतिकडे होऊ शकतो. तेव्हा 39 आणि 40 यांच्यात निवड मुलाखतीच्या गुणांवर करू नये, लेखी परीक्षेकडे वळावं. त्यातही ही पद्धत फक्त सरकवते; एका पॅनेलने गुण पसरून दिले आणि दुसऱ्याने चेपून, हा फरक तिने जात नाही.

समाईक उमेदवारांची ही कल्पना शास्त्रीय चौकटीत बसवली ती डेन्मार्कचे जॉर्ज राश यांच्या 1960 च्या प्रतिमानाचा आधार घेऊन. 1989 मध्ये शिकागोच्या माइक लिनाकर यांनी त्यात परीक्षकाचा कडकपणा हा वेगळा घटक घातला. उमेदवाराची क्षमता, प्रश्नाची अवघडता आणि परीक्षकाचा हात, तिन्ही एकाच मोजपट्टीवर. अट तीच: सगळे परीक्षक कुठल्या ना कुठल्या समाईक उमेदवारातून एकमेकांशी जोडलेले हवेत. साखळी तुटली की सॉफ्टवेअर आकडे देतं, पण त्यांची तुलना पोकळ असते.

एक गैरसमज इथेच निस्तरायला हवा. एकाच पॅनेलमधला एखादा सदस्य कडक असेल आणि तो सगळ्या उमेदवारांना गुण देत असेल, तर क्रमवारीला काहीच होत नाही. सगळ्यांचे सारखेच गुण कमी होतात. त्रास होतो तो जेवणाच्या सुट्टीनंतर तो उठून गेला आणि जागी सढळ हाताचा कोणी बसला तर. दुसरा धोका दिसत नाही. एक सदस्य सगळ्यांना 38 ते 40 देतो, दुसरा 15 ते 45. बेरजेत दोघांचं वजन सारखं वाटतं, पण क्रम जवळपास एकटा दुसराच ठरवतो. सदस्यवार विचलन काढलं की हे पाच मिनिटांत उघडं पडतं.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने 2004 मध्ये वैद्यकीय प्रवेशासाठी मांडलेली पद्धत दुरुस्तीची गरजच कमी करते. एका मोठ्या मुलाखतीऐवजी अनेक छोट्या. प्रत्येक परीक्षक एकाच प्रश्नावर एकामागून एक उमेदवार पाहतो आणि उमेदवार खोल्यांमधून फिरतात. नौपाड्याच्या पतसंस्थेत चार खोल्या आणि चार सदस्य असतील, तर दोन-दोनची पॅनेल करण्यापेक्षा चौघांना चार खोल्यांत बसवता येईल. मग प्रत्येक उमेदवार चौघांनाही भेटेल. अर्थात उमेदवार चाळीसच्या पुढे गेले तर एका दिवसात ते उरकत नाही आणि दुसऱ्या दिवशी तेच चार जण येतील याची खात्री संस्थेला आधीच करून घ्यावी लागते.