पाइपच्या फायरस्टॉपिंगची मंजुरी: कागदपत्रं कोणती लागतात आणि फाइल परत का येते

फायरस्टॉपिंग म्हणजे भिंतीतून किंवा स्लॅबमधून पाइप गेलेलं भोक आग अडेल असं बुजवणं. त्याची फाइल परत येते तेव्हा शेरा बहुतेक वेळा एका ओळीचा असतो: "चाचणी झालेल्या रचनेचा तपशील जोडलेला नाही." कंत्राटदार चक्रावतो, कारण भोक बुजवायला वापरलेल्या सीलंटचं प्रमाणपत्र त्याने जोडलेलं असतं, तेही रंगीत आणि शिक्क्यासकट. पण मागितलेला कागद तो नव्हताच. नेमकं काय हवं होतं, हे आणखी एका ओळीत लिहिण्याची तसदी शेरा मारणाऱ्याने घेतलेली नसते. मग तोच कागद नव्या पत्रासोबत पुन्हा जातो आणि पुन्हा परत येतो.

आधी ही मंजुरी कशासाठी लागते ते पाहू. व्यापारी इमारतीतली जी भिंत किंवा जो स्लॅब ठरावीक वेळ आग रोखण्यासाठी नेमलेला आहे, म्हणजे जिन्याची भिंत, शाफ्टची भिंत, दोन मजल्यांमधला स्लॅब, त्यातून पाइप आरपार जात असेल तर त्या भोकाची नोंद फाइलमध्ये हवी. भिंत 2 तासांची असेल तर भोक बुजवल्यावर तिथेही 2 तास आग अडली पाहिजे. कोणती भिंत किती तासांची, हे वास्तुविशारदाच्या अग्निसुरक्षा नकाशावर असतं. तो नकाशा फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. प्लंबिंगचे नकाशे कितीही जोडले तरी त्यावर भिंतीचे तास नसतात.

प्रमाणपत्र डब्याचं नसतं, रचनेचं असतं

भट्टीत चाचणी होते ती सगळ्या रचनेची: अमुक जाडीची काँक्रीटची भिंत, तिच्यात अमुक मापाचं भोक, त्यातून अमुक धातूचा किंवा प्लॅस्टिकचा पाइप, त्यावर अमुक जाडीचं इन्सुलेशन, आत ठरावीक घनतेचं मिनरल वूल आणि वर ठरावीक जाडीचा सीलंट. यातलं एक जरी बदललं तरी तो निकाल तुमच्या भोकाला लागू होत नाही. "आमचा सीलंट 4 तासांचा आहे" असं विक्रेता सांगतो, त्याचा अर्थ एवढाच की कुठल्यातरी एका रचनेत तो 4 तास टिकला. त्याच सीलंटची, पातळ भिंतीतल्या प्लॅस्टिक पाइपभोवतीची रचना 1 तासाचीही असू शकते.

म्हणून लागतो तो त्या रचनेचा क्रमांक आणि तिचं एक-दोन पानी रेखाचित्र. यूएल 1479 किंवा एएसटीएम ई 814 या अमेरिकी चाचणी-मानकांप्रमाणे तपासलेल्या रचनांचे क्रमांक C-AJ-5 अशा धाटणीने सुरू होतात, आणि ते वाचता आले तर निम्म्या चुका टेबलावरच कळतात. पहिलं अक्षर C म्हणजे रचना भिंत आणि स्लॅब दोन्हींसाठी. A म्हणजे काँक्रीटचा स्लॅब, J म्हणजे काँक्रीटची किंवा बांधकामाची भिंत. L असेल तर ती सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकून केलेल्या ड्रायवॉलसाठी आहे, काँक्रीटसाठी नाही. पुढचा आकडा पाइपचा: 1 ने सुरू होणारी मालिका धातूच्या उघड्या पाइपची, 2 ची प्लॅस्टिक पाइपची, 5 ची इन्सुलेशन चढवलेल्या पाइपची. एसीचं थंड पाणी नेणाऱ्या, म्हणून इन्सुलेशन चढवलेल्या चिल्ड वॉटर पाइपसाठी 1 च्या मालिकेतलं रेखाचित्र जोडलेल्या फायली सर्रास दिसतात. पाइप धातूचाच आहे ना, असा त्यामागचा हिशोब असतो. पण आगीत आधी जळतं ते इन्सुलेशन, आणि ते जळालं की पाइपभोवती रिकामी कडी उरते. 5 च्या मालिकेत अशा ठिकाणी बहुधा उष्णतेने फुगणारा सीलंट किंवा पट्टी दिलेली असते, ती याच कारणासाठी.

रेखाचित्रावर एफ आणि टी असे दोन आकडे असतात, तेही वेगवेगळे वाचा. एफ म्हणजे ज्वाळा पलीकडे न जाण्याचा वेळ. टी म्हणजे पलीकडच्या बाजूचं तापमान सुरुवातीच्या तापमानापेक्षा 181 अंश सेल्सिअसने वाढेपर्यंतचा वेळ. उघडा धातूचा पाइप स्वतःच उष्णता वाहून नेतो, त्यामुळे एफ 2 तास असूनही टी शून्य असलेल्या रचना पुष्कळ आहेत. तुमच्या इमारतीच्या नियमांत स्लॅबसाठी टी मागितला असेल तर फक्त एफ दाखवून भागत नाही.

स्लीव्हचं गणित

स्लीव्ह म्हणजे पाइप आरपार जावा म्हणून भिंतीत किंवा स्लॅबमध्ये बसवलेली नळी. सगळ्यात जास्त फायली अडकतात त्या तिच्यातल्या रिकाम्या जागेच्या मापावर. स्लीव्हची आतली कड आणि पाइपची (इन्सुलेशन असेल तर इन्सुलेशनची) बाहेरची कड यांच्यातलं अंतर रेखाचित्रात किमान आणि कमाल असं दिलेलं असतं. दोन्ही मर्यादा पाळायच्या असतात, आणि त्या पाइपभोवती सगळीकडे.

उदाहरण घेऊ. 100 मि.मी.चा चिल्ड वॉटर पाइप आहे, बाहेरचा व्यास 114.3 मि.मी. त्यावर 25 मि.मी. जाडीचं रबरी इन्सुलेशन आहे, म्हणजे एकूण व्यास 164.3. साइटवर आधीच 150 मि.मी.ची स्लीव्ह बसवलेली आहे, कारण स्लीव्ह बसवणाऱ्याने पाइपचंच माप धरलं. शेड्यूल 40 या जाडीच्या वर्गातल्या त्या स्लीव्हचा आतला व्यास 154.1, म्हणजे इन्सुलेशनसह पाइप आत जातच नाही. मग कुणीतरी स्लीव्हपुरतं इन्सुलेशन सोलतं. तसं केलं की तिथे थंड पाइपवर पाणी सुटतं आणि थेंब छतावर पडतात. शिवाय फाइलमधली रचना एक आणि भिंतीतली दुसरी होते. तपासनीस इन्सुलेशनची कड बोटाने दाबून बघतो, त्याला लगेच कळतं.

म्हणून स्लीव्ह 200 मि.मी.ची केली. तिचा आतला व्यास 202.7. त्यातून 164.3 वजा केले की उरतात 38.4, म्हणजे पाइप बरोबर मध्यात असेल तर चारी बाजूंनी 19.2 मि.मी. समजा निवडलेल्या रेखाचित्रात मर्यादा किमान 6 आणि कमाल 32 अशी आहे. कागदावर सगळं बसलं. पण साइटवर पाइप त्याला टांगणाऱ्या हँगरवर लोंबकळून खाली झुकलाय, खाली अंतर 3 आणि वर 35.4. दोन्ही मर्यादा मोडल्या. या स्लीव्हमध्ये पाइप मध्यापासून जास्तीत जास्त 12.8 मि.मी. सरकलेला चालेल. त्यापलीकडे गेला तर कितीही सीलंट भरा, रचना तपासलेली राहत नाही. इथे सीलंटवाल्याला दोष देऊन उपयोग नाही. हँगरचा नट फिरवून पाइप वर घ्यावा लागतो, आणि ते काम पाइपिंगवाल्याचं आहे. सीलंट भरण्याआधी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी चार मापं घ्या, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी. पाइप तिरका असेल तर एका बाजूची मापं फसवतात.

काही रेखाचित्रांत पाइप स्लीव्हला टेकलेला चालतो, पण तसं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं आणि टेकलेल्या जागी सीलंटची वेगळी पट्टी ओढायला सांगितलेली असते. लिहिलेलं नसेल तर चालत नाही.

इन्सुलेशनची जातही जुळवा. रेखाचित्रात काचतंतूचं इन्सुलेशन असेल तर ते रबरी इन्सुलेशनला लागू नाही, जाडी तीच असली तरी. आणि स्लॅब ओतताना प्लॅस्टिकची स्लीव्ह ठेवली असेल तर रेखाचित्रात प्लॅस्टिकची स्लीव्ह मान्य आहे का ते आधी पाहा. नसेल तर ती काढून टाका किंवा ती मान्य असलेली दुसरी रचना शोधा. लोखंडी स्लीव्हच्या बाहेरच्या बाजूची फटही लोक विसरतात. भिंत फोडून स्लीव्ह बसवली, आतून सुरेख सीलंट भरला, पण स्लीव्ह आणि काँक्रीट यांच्यामध्ये बोट जाईल एवढी जागा तशीच. एका बाजूने टॉर्च धरा आणि दुसऱ्या बाजूला अंधार करून पाहा, उजेड दिसला तर ते दुसरं भोक आहे.

जो कागद कुणाकडेच नसतो

काही भोकं कुठल्याच तपासलेल्या रचनेत बसत नाहीत. अशा वेळी उत्पादकाच्या तांत्रिक विभागाकडून अभियांत्रिकी अभिप्राय घ्यावा लागतो. जवळपासच्या तपासलेल्या रचनांच्या आधारे तो दिला जातो आणि त्याच प्रकल्पातल्या त्याच भोकासाठी असतो. मागच्या इमारतीतला अभिप्राय नाव खोडून जोडू नका, त्यावर प्रकल्पाचं नाव आणि मापं असतात. विक्रेत्याने लेटरहेडवर लिहून दिलेलं "चालेल" म्हणजे अभिप्राय नव्हे. आणि आधी सीलंट भरून मग अभिप्राय मागितला तर मिळेलच याची खात्री नसते, उत्पादक उलट दुसरी रचना सुचवतो आणि केलेलं काम उकरावं लागतं.

मुदतीचा घोळही असाच. "काम पूर्ण झाल्यावर तपासणी" याचा अर्थ लोक इमारत पूर्ण झाल्यावर असा घेतात. इथे काम म्हणजे फायरस्टॉपिंगचं. रेखाचित्रं मंजूर होतात सीलंट भरायच्या आधी, आणि तपासणी होते फॉल्स सीलिंग किंवा शाफ्टचं झाकण लागायच्या आधी. सीलिंग लागल्यावर विनंती दिलीत तर पत्रे उतरवायला सांगतात, आणि तेव्हा तपासनीसाशी वाद घालून काही होत नाही. एएसटीएम ई 2174 या तपासणीच्या मानकाप्रमाणे तपासणी असेल तर तपासनीस काही ठिकाणी काम चालू असताना स्वतः हजर राहतो किंवा पूर्ण झालेली काही भोकं कापून उघडतो. उघडलेल्या भोकात मिनरल वूलची खोली आणि सीलंटची जाडी मोजली जाते. वरून गुळगुळीत दिसणारा थर आत 4 मि.मी.च निघणं आणि मिनरल वूलच्या जागी सिमेंटच्या पिशवीचा बोळा सापडणं, दोन्ही होतं.

बाकी कागद नेहमीचे: भोकांची यादी (क्रमांक, जागा, भिंतीचे तास, पाइप, इन्सुलेशन, स्लीव्ह, किमान-कमाल अंतर, रचनेचा क्रमांक), काम करणाऱ्याचं प्रशिक्षण, साहित्याची बॅच आणि मुदत, आधीचा व नंतरचा फोटो. फोटोत भोकाचा क्रमांक आणि टेप दिसू द्या. प्रत्येक भोकाशेजारी लेबल लावा आणि त्यावर तोच क्रमांक लिहा. यादीत 47 आणि भिंतीवर 74 असेल तर ते भोक नापास धरतात, आत काम कितीही चांगलं असो.

मंजुरी मिळाल्यावर त्याच स्लीव्हमधून कुणी केबल ओढली, तर पाइपपुरती तपासलेली रचना तिथे उरत नाही. त्या भोकासाठी पाइप आणि केबल एकत्र असलेली 8 च्या मालिकेतली रचना शोधावी लागते, यादीतला तो रकाना नव्याने भरावा लागतो आणि तपासणीची विनंतीही पुन्हा द्यावी लागते.