लेक्कर, ब्राय आणि अख

आफ्रिकान्स भाषेतले तीन रोजच्या बोलण्यातले शब्द. दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया या देशांत ते आफ्रिकान्स न बोलणाऱ्यांच्या तोंडीही सर्रास असतात. ‘लेक्कर’ हे विशेषण आणि क्रियाविशेषण आहे, ‘ब्राय’ हे क्रियापद आणि नाम आहे, तर ‘अख’ हा उद्गार आहे. तिघांचेही शब्दकोशातले अर्थ एका ओळीत मावतात. मात्र बोलताना हे शब्द वस्तूपेक्षा बोलणाऱ्याचा भाव जास्त सांगतात आणि तो भाव सुरावरून व पुढे येणाऱ्या शब्दावरून ओळखावा लागतो.

आफ्रिकान्सचे मूळ डच भाषेत आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने 1652 मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप येथे ठाणे वसवले. तिथे डच वसाहतवाले, स्थानिक खोईखोई लोक आणि भारत, इंडोनेशिया, मादागास्कर वगैरे भागांतून आणलेले गुलाम यांच्या एकत्र राहण्यातून डचचे रूप बदलत गेले. 1925 मध्ये आफ्रिकान्सला राजभाषेचा दर्जा मिळाला. 2022 च्या जनगणनेनुसार दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे 10.6 टक्के लोकांच्या घरात ती बोलली जाते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक लोक गोरे नाहीत.

लेक्कर. पहिल्या अक्षरावर जोर आणि ‘ले’ ऱ्हस्व, असा उच्चार. हा शब्द डचमधून जसाच्या तसा आला. त्याच्या मुळाशी ‘चाटणे’ या अर्थाचा धातू आहे आणि तो संस्कृतातल्या ‘लिह्’ धातूचा दूरचा नातलग आहे. च्यवनप्राशाला आपण लेह्य किंवा अवलेह म्हणतो ते याच धातूवरून. म्हणजे शब्दाचा आरंभ जिभेवर झाला आणि जेवणाला लेक्कर म्हणणे हा आजही त्याचा सर्वांत साधा उपयोग आहे. गोळ्या-चॉकलेटांना ‘लेक्कर्स’ म्हणतात.

जिभेवरून हा शब्द सगळ्या अंगभर पसरला. थंडीतले ऊन लेक्कर असते, आंघोळीचे पाणी लेक्कर गरम असते, रात्री निरोप घेताना ‘स्लाप लेक्कर’ म्हणतात, म्हणजे छान झोप. सुट्टी, गाडी, गप्पा, सामना, सगळे लेक्कर असू शकते. एखाद्या माणसाला लेक्कर म्हटले तर आफ्रिकान्समध्ये बहुधा ‘सोबतीला चांगला’ एवढाच अर्थ निघतो. नेदरलँड्समध्ये मात्र तेच विशेषण माणसाला लावले की शारीरिक आकर्षणाचा अर्थ येतो, म्हणून केपटाउनहून ॲम्स्टरडॅमला गेलेल्याने जरा जपून बोललेले बरे.

मराठीत ‘मस्त’ हा शब्द यातल्या बऱ्याच जागा भरतो: मस्त झोप, मस्त ऊन, मस्त माणूस. पण लेक्करची खरी ओळख नकारात होते. ‘एक फुल नी लेक्कर नी’ याचा अर्थ ‘मला बरं वाटत नाही’. (आफ्रिकान्समध्ये नकार दोनदा येतो, म्हणून ‘नी’ दोनदा.) इथे ‘मस्त’ चालणार नाही. मराठी माणूस आनंद सांगताना ‘मस्त’ म्हणतो आणि आजार सांगताना ‘बरं नाही’ म्हणतो. आफ्रिकान्समध्ये हे दोन्ही भाव एकाच शब्दात राहतात. शरीर स्वस्थ असणे आणि मन रमणे यांत ही भाषा फारसा फरक करत नाही. म्हणूनच ‘तो काही लेक्कर नाही’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे त्याची तब्येत ठीक नाही. दुसरा, डोक्याकडे बोट नेऊन म्हटले तर, त्याचे डोके ठिकाणावर नाही. ‘लेक्करलेफ’, शब्दशः सुखी अंगाचा, म्हणजे दारू थोडी चढलेला.

ब्राय. भाजणे या अर्थाच्या डच क्रियापदाचे हे आफ्रिकान्स रूप. ‘ब्रायफ्लेस’, म्हणजे भाजलेले मांस, या जोडशब्दाचा तो संक्षेपही आहे. उघड्या विस्तवाच्या निखाऱ्यांवर जाळी ठेवून मांस भाजणे ही क्रिया, त्यासाठी जमलेली मंडळी आणि ती चूल या तिन्हींना ब्राय म्हणतात. इंग्रजीतल्या ‘बार्बेक्यू’शी त्याची बरोबरी केली की दक्षिण आफ्रिकेतली माणसे लगेच दुरुस्त करतात, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. फरक वेळेचा आहे.

गॅसची शेगडी दहा मिनिटांत तापते. ब्रायला लाकूड पेटवून त्याचे निखारे होईपर्यंत तासभर सहज जातो. केपमध्ये ‘रॉयक्रान्स’ नावाची, ऑस्ट्रेलियातून आणलेली आणि आता रान माजवून बसलेली बाभूळवर्गीय झाडे यासाठी तोडतात. उत्तरेच्या कोरड्या भागात ‘कामीलडूरंग’ हे लाकूड नावाजलेले आहे. तेही बाभळीच्याच गोतातले असून दक्षिण आफ्रिकेत ते झाड संरक्षित आहे. पाहुणे येतात तेव्हा ज्वाळा उंच असतात आणि मांस घरात असते. निखाऱ्यांवर राखेची पांढरी साय येईपर्यंत थांबायचे. ज्वाळेवर मांस टाकले तर बाहेरून करपते आणि आत कच्चे राहते. या थांबण्याच्या तासात लोक विस्तवाभोवती उभे राहून बोलतात. ब्राय या शब्दात जी ऊब आहे ती त्या तासाची आहे. चिमटा एकाच्याच हातात असतो आणि दुसऱ्याच्या विस्तवात न विचारता हात घालणे असभ्य समजतात.

जाळीवर ठरलेला पदार्थ म्हणजे ‘बुरवॉर्स’, धणे, लवंग, जायफळ आणि व्हिनेगर घातलेला, गुंडाळीसारखा लांब सॉसेज. धण्यांमुळे त्याचा वास मराठी नाकाला ओळखीचा वाटतो. मांस न खाणाऱ्यांसाठी मक्याची कणसे आणि चीज-टोमॅटो-कांदा घातलेले पावाचे सँडविच याच जाळीवर भाजतात.

ही गोष्ट एकट्या आफ्रिकान्स भाषकांची नाही. झुलूमध्ये ‘शिसा न्यामा’, म्हणजे ‘मांस भाज’, या नावाने टाउनशिपमध्ये, म्हणजे काळ्या लोकांच्या शहराबाहेरच्या वस्त्यांत, हाच बेत चालतो. 24 सप्टेंबर हा 1995 पासून वारसा दिन म्हणून सुट्टीचा दिवस आहे. 2005 पासून तो ‘ब्राय डे’ म्हणून साजरा करण्याची मोहीम सुरू झाली आणि 2007 मध्ये आर्चबिशप डेस्मंड टुटू तिचे आश्रयदाते झाले. वारशाचा दिवस जेवणावर संपतो, हा आक्षेपही तेव्हापासून आहे. त्या आक्षेपामागे इतिहास आहे. 1974 च्या सरकारी आदेशाने काळ्या मुलांच्या शाळांत काही विषय आफ्रिकान्समधून शिकवण्याची सक्ती झाली आणि तिच्याविरुद्ध 16 जून 1976 रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोतले विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वर्गात जी भाषा हुकूम म्हणून आली तिच्याविषयीची चीड पुष्कळांच्या मनात अजून आहे. तरी लेक्कर, ब्राय, अख हे शब्द त्या चिडीच्या बाहेर राहिले. ते शाळेच्या पुस्तकातून कुणावर लादले गेले नव्हते. शेजार, बाजार, कारखाना आणि स्वयंपाकघर यांतून ते एकाकडून दुसऱ्याकडे गेले होते.

अख. शेवटचा ‘ख’ आपल्या ‘ख’सारखा झटक्यात सुटत नाही. तो घशात घासत, उर्दूतल्या ‘ख़ुदा’च्या ‘ख़’सारखा निघतो. डच आणि जर्मन भाषांतही हा उद्गार आहे. मराठी कानाला तो ‘अगं’च्या जवळचा वाटतो, पण हे साम्य योगायोगाचे आहे आणि दोघांची कामे वेगळी आहेत. अगं, अरे, अहो यांत समोरचा माणूस कोण आहे हे ठरलेले असते: बाई की पुरुष, धाकटा की मानाचा. अखला समोर कुणी लागतच नाही. एकट्याने किल्ली शोधतानाही तो निघतो.

अखचा भाव त्याच्या जोडीदारावरून कळतो. ‘अख निअ’ (अगदी नको!) ही निराशा. ‘अख वत’ म्हणजे जाऊ दे, एवढे काय त्याचे. ‘अख टॉख’ म्हणताना आवाज मऊ होतो, कारण समोर लहान मूल, कुत्र्याचे पिल्लू किंवा कुणाचे छोटे दुःख असते. ‘अख, टूमार’ हे रडणाऱ्याला थोपटताना म्हणतात, आपल्या ‘असू दे, असू दे’सारखे. जोडीदार नसेल तर लांबी पाहावी. छोटा, तुटक ‘अख’ वैतागाचा, ओढलेला ‘अऽख’ बहुधा मायेचा किंवा कंटाळ्याचा.

तिन्ही शब्द एकमेकांत कसे विणले जातात ते शुक्रवारच्या एखाद्या साध्या संभाषणात दिसते. यजमान म्हणतो, ‘कॉम ब्राय साटरडख, सॉमर नेट ऑन्स.’ शनिवारी ब्रायला ये, असेच, आपणच. ‘सॉमर’ म्हणजे काही खास कारण नाही. कारण नसणे हेच या निमंत्रणाचे सौजन्य आहे, कारण त्यामुळे पाहुण्यावर समारंभाचे ओझे राहत नाही. उत्तर येते, ‘लेक्कर! काय आणू?’ हा लेक्कर चवीचा नव्हे, होकाराचा आहे, आपल्या ‘बरं, चालेल’ आणि ‘मस्त’ यांच्या मधला. यजमान म्हणतो, ‘अख, नक्स नी. मस्कीन अ स्लाय.’ अरे, काही नको. फार तर कोशिंबीर. नवखा माणूस इथे चुकतो. ‘काही नको’ हे ऐकून तो रिकाम्या हाताने जातो आणि बाकी प्रत्येकाने आपले पेय व मांस आणलेले पाहून ओशाळतो. इथला अख नकार सांगत नाही. ‘मागताना मला संकोच वाटतो’ एवढेच तो सांगतो. खरी मागणी पुढच्या वाक्यात आहे, म्हणून कोशिंबीर न्यायचीच.

शनिवारी पाऊस येतो. पाहुणा फोनवर म्हणतो, ‘अख निअ मन, डत रिअन.’ छे, पाऊस पडतोय की. यजमान उत्तरतो, ‘अख वत, ऑन्स ब्राय ऑन्डर डी अफडक.’ असू दे, पडवीखाली भाजू. पहिला अख खचलेला, दुसरा सावरणारा. त्यावर पुन्हा ‘लेक्कर’ येतो, या वेळी सुटकेचा.

वडीलधाऱ्यांशी बोलताना अख चालतो, पण त्याच्यामागे नाते लावावे लागते. आफ्रिकान्समध्ये अनोळखी वडीलधाऱ्यांनाही ‘ओम’ (काका) आणि ‘टानी’ (काकू, मावशी) म्हणतात आणि ‘तू’ टाळून तेच नाते वाक्यात पुन्हा पुन्हा वापरतात: ओमला चहा हवा का, ओम बसणार का. ‘अख निअ, ओम’ हे लाडिक ठरते. नाते गाळले की तेच उद्धट वाटते.

मृत्यूच्या घरी मात्र अखची मर्यादा दिसते. कपबशी फुटली, परीक्षेत मार्क कमी पडले, मांजर हरवले, इथवर ‘अख टॉख’ पुरते. आई गेलेल्या माणसाला ते म्हटले तर दुःख बशीएवढे होते. तिथे जाणती माणसे अख वगळून नुसते ‘एक इस याम्मर’, मला वाईट वाटते, एवढेच म्हणतात, आणि पुष्कळदा काही न बोलता स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवतात.