वीजखंड आणि शीतकपाटातील अन्न

वीजपुरवठा काही तास बंद राहिल्यावर शीतकपाटाच्या (फ्रिजच्या) थंड कप्प्यातील कोणते पदार्थ खाण्यास सुरक्षित राहतात, हे त्या पदार्थांचे तापमान किती चढले आणि ते किती वेळ चढलेले राहिले यावर ठरते. अमेरिकी कृषी खात्याच्या प्रचलित सल्ल्यानुसार दार न उघडल्यास हा कप्पा सुमारे ४ तास सुरक्षित तापमान राखतो. मात्र हा अंदाज बंद कपाटासाठी आहे. दार उघडताच थंड हवा खालून बाहेर ओसरते, तरी हवेपेक्षा अन्नाची उष्णता साठवण्याची क्षमता पुष्कळ जास्त असल्याने अन्न तिच्याइतके झटपट तापत नाही. भरलेले दुधाचे भांडे हळूहळू तापते, पातळ काप केलेले मांस लवकर तापते आणि दारातील फळ्यांवरचे पदार्थ बहुधा सर्वांत आधी.

सुरक्षिततेची मर्यादा नेमकी कोणती, याविषयी निरनिराळ्या देशांच्या नियमांत एकवाक्यता नाही. अमेरिकेत थंड अन्नासाठी सुमारे ४° से. ही सीमा धरतात आणि नाशवंत पदार्थ तिच्यावर २ तासांहून अधिक राहिल्यास टाकण्यास सांगतात. ऑस्ट्रेलियात ५° ते ६०° से. या पट्ट्यातील एकूण वेळ मोजतात. तो २ तासांच्या आत असल्यास पदार्थ पुन्हा थंड करता येतो, २ ते ४ तासांत तो लगेच खावा आणि ४ तासांनंतर टाकून द्यावा. दुसरी पद्धत प्रस्तुत लेखकास अधिक उपयुक्त वाटते, कारण तिच्यात वेळ बेरजेने मोजला जातो: सकाळचा एक तास आणि दुपारचे दोन तास मिळून तीन होतात, आणि मधल्या थंडाव्याने आधीचा तास पुसला जात नाही. वीज परत आल्यानंतर अन्न ५° से. खाली उतरेपर्यंतचा वेळही याच बेरजेत धरावा लागतो.

या काटेकोरपणाचे कारण विषजनक जिवाणूंच्या वर्तनात आहे. दूध आंबवणारे किंवा वास आणणारे जिवाणू आणि आजार आणणारे जिवाणू बहुधा वेगळे असतात, त्यामुळे अन्नाचा वास व चव ठीक असल्याने ते निर्धोक ठरत नाही. साल्मोनेला भरपूर उष्णतेने मरतो. परंतु स्टॅफिलोकॉकस ऑरियस अन्नात सोडतो ते विष उकळूनही सहसा नष्ट होत नाही, आणि शिजवलेल्या भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियसचे उलटी आणणारे विष त्याहूनही चिवट असते. म्हणून संशयास्पद अन्न पुन्हा उकळून घेण्याचा रूढ उपाय पुरेसा नाही. मासळीतील काही जातींत तयार होणाऱ्या हिस्टामिनचीही हीच गोष्ट आहे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. वीज सकाळी १० वाजता गेली, दुपारी ४ वाजता आली, मधे दार तीन-चार वेळा उघडले गेले आणि वीज येताच मधल्या फळीवरच्या पाण्याच्या पेल्यात बुडवलेल्या तापमापकाने ११° से. दाखवले. कपाट सुरुवातीला ४° से. इतके थंड होते असे धरले, तरी ५° से. ही सीमा पहिल्या तासा-दीड तासात ओलांडली गेली असावी. त्यानंतरचे साडेचार-पाच तास आणि पुढे पुन्हा थंड होण्याचा काळ धरता ४ तासांची मर्यादा संपते. त्यामुळे दूध, शिजवलेला भात, शिजवलेले व कच्चे मांस, मासे, मऊ चीज आणि चिरलेली फळे टाकावीत. लोणी, कडक चीज, मुरंबा, मोहरीची चटणी आणि अख्खी फळे ठेवता येतात, कारण त्यांत जिवाणूंना उपलब्ध असलेले पाणी कमी असते, आम्लता जास्त असते किंवा अखंड साल आड येते. उघडलेले मेयोनीज अमेरिकी सल्ल्यानुसार १०° से. वर ८ तासांहून अधिक राहिल्यावरच टाकायचे असल्याने येथे ते वाचते. दह्याविषयी मात्र मतभेद आहे: अमेरिकी यादी ते टाकण्यास सांगते, पण साध्या दह्याची आम्लता पाहता हा सल्ला अतिसावध भासतो. फळे वा मलई मिसळलेल्या दह्यास ही सवलत देऊ नये.

हाच वीजखंड ३ तासांचा असता, दार बंद राहिले असते आणि तापमापकाने ५° से. किंवा कमी दाखवले असते, तर वरीलपैकी काहीही टाकावे लागले नसते. कपाटाच्या दारावरील आकड्यावर मात्र विसंबू नये, कारण वीज आल्यानंतर तो त्या क्षणाचे, बहुधा आतील हवेचे, तापमान दाखवतो. मधल्या काळातील सर्वाधिक तापमान नोंदवून ठेवणारा कमाल-किमान तापमापक आधीच आत असेल, तरच वर केलेला अंदाज टळतो.