खर्चाचे प्रकार म्हणजे खातेयादी नव्हे

ठाण्यातल्या चार-पाच छोट्या दुकानांची आणि दोन-तीन फ्रीलान्सरांची पुस्तकं मी बघते. दरवर्षी रिटर्न भरायची मुदत जवळ आली की प्रत्येकाकडून एक शीट येते. तिच्यात तारीख, तपशील, 'प्रकार' आणि रक्कम असे चार रकाने असतात. प्रकारात भाडं, वीज, माल, प्रवास असं लिहिलेलं असतं. सोबत एक वाक्य हमखास येतं, "खाती पाडलीत, फक्त टोटल मारायची आहे." पण ती खाती नसतात, ते खर्चाचे प्रकार असतात.

प्रकारांची यादी कशी करायची ते तुम्हाला येतं, त्यावर वेळ घालवत नाही. पैसा कशावर गेला हे तिच्यातून कळतं. खातेयादी त्यापुढे जाऊन आत्ता तुमच्याकडे काय आहे आणि तुम्ही कोणाचं किती देणं लागता हेही सांगते. म्हणून तिच्यात पाच गट लागतात. मी १०० पासून मालमत्ता, २०० पासून देणी, ३०० पासून भांडवल, ४०० पासून उत्पन्न आणि ५०० पासून खर्च असे क्रमांक देते. मध्ये दहा-दहाचं अंतर ठेवते, म्हणजे नंतर एखादं खातं घुसवता येतं. क्रमांक कुठले द्यायचे यावर लोक तासन्‌तास चर्चा करतात. त्याने काहीही बिघडत नाही, कुठलेही द्या.

बिघडतं ते एकाच ठिकाणी. खिशातून गेलेला प्रत्येक रुपया लोक खर्चात घालतात आणि आलेला प्रत्येक रुपया उत्पन्नात.

नौपाड्यातल्या एका झेरॉक्स-स्टेशनरीच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. दुकानदाराने मशीनसाठी दोन लाखांचं कर्ज काढलं, १२ टक्के व्याजाने, २४ महिन्यांसाठी. हप्ता ९,४१५ रुपये. त्याच्या शीटमध्ये 'ईएमआय' नावाचा प्रकार होता आणि बारा हप्त्यांचे मिळून १,१२,९८० रुपये खर्चात पडले होते. त्यात व्याज किती होतं? जेमतेम १८,९४० रुपये. उरलेले ९४,०४० रुपये मुद्दल फेडण्यात गेले. तो खर्चच नाही. बँकेचे पैसे बँकेला परत गेले, तुमचं देणं तेवढ्याने कमी झालं. नुसत्या हप्त्यांमुळे शीटमध्ये नफा ९४ हजारांनी कमी दिसत होता. आणि कर्जाची रक्कम खात्यात जमा झाली त्या दिवशी त्याने ती 'जमा' म्हणून विक्रीच्या बेरजेतच धरली होती, त्यामुळे तो महिना पाहून त्याला वाटलं होतं की धंदा जोरात चाललाय.

मशीनचीही तीच गत. ती विकत घेतली म्हणून दोन लाखांचा खर्च झाला असं नाही. ती १५० क्रमांकाच्या मालमत्तेत बसते आणि दरवर्षी घसाऱ्याएवढीच रक्कम खर्चात येते.

हा गोंधळ सोडवायला मी एकच प्रश्न विचारते: ३१ मार्चच्या रात्री हा आकडा शून्य होतो, की १ एप्रिलच्या पानावर जातो? वर्षभराचं वीजबिल संपलं, नव्या वर्षी ते शून्यापासून सुरू. तो खर्च. कर्जाची बाकी शून्य होत नाही, बँक ती विसरत नाही. गाळ्याचं डिपॉझिट पुढे जातं, म्हणून ते भाड्यात घालायचं नाही, मालमत्तेत घालायचं. (दीड लाखाचं डिपॉझिट भाड्यात धरून "यंदा भाड्यानेच मारलं" म्हणणारे मी पाहिलेत.) एका खात्यावर मात्र हा प्रश्न फसतो. घरखर्चासाठी काढलेली उचलही ३१ मार्चला बंद होते, पण ती नफ्यातून न जाता थेट भांडवलातून वजा होते. ती ३१० ला ठेवा, खर्चात नको.

ऐरोलीतल्या एका डिझायनरची अडचण वेगळी दिसते, पण मुळात तीच आहे. बिल ५०,००० चं, कंपनीने १० टक्के टीडीएस कापून ४५,००० दिले. तिने उत्पन्न ४५,००० लिहिलं. उत्पन्न ५०,०००च आहे. कापलेले ५,००० तुमच्या नावावर सरकारकडे जमा आहेत, म्हणजे येणं, म्हणजे मालमत्ता. त्यासाठी '१३० टीडीएस येणं' असं खातं करायचं आणि त्याची बाकी इन्कम टॅक्स पोर्टलवरच्या आकड्याशी ताडून पाहायची. जुळली नाही तर कोणीतरी कापून भरलेला नाही किंवा तुमचं एखादं बिल नोंदवायचं राहिलंय. रिटर्न भरल्यावर करात वळता झालेला टीडीएस उचल खात्यात जातो, कारण मालकाचा आयकर हा धंद्याचा खर्च नाही.

आता शीट. 'प्रकार' हा रकाना काढून टाका. त्याच्या जागी 'नावे' आणि 'जमा' असे दोन रकाने करा आणि दोन्हीत खात्याचा क्रमांक लिहा: पैसा ज्या खात्यात गेला ते नावे, ज्या खात्यातून आला ते जमा. कर्ज आलं तेव्हा नावे ११० बँक, जमा २१० कर्ज, रक्कम २,००,०००. हप्ता गेला तेव्हा नावे २१०, जमा ११०, रक्कम ९,४१५. दरमहा व्याज आणि मुद्दल फोडत बसायची गरज नाही, अख्खा हप्ता कर्जखात्यावर टाका. मार्चमध्ये बँकेकडून व्याजाचा दाखला घ्या आणि एकच नोंद करा: नावे ५६० व्याज, जमा २१०, रक्कम १८,९४०. खातेयादीच्या पानावर A रकान्यात क्रमांक असतील, तर बाकी अशी येते:

```
=SUMIF('नोंदी'!C:C,A2,'नोंदी'!E:E)-SUMIF('नोंदी'!D:D,A2,'नोंदी'!E:E)
```

इथे C म्हणजे नावे, D म्हणजे जमा, E म्हणजे रक्कम. देणी, भांडवल आणि उत्पन्न उणे चिन्हाने दिसतील, ते बरोबर आहे. २१० वर उणे १,०५,९६० आले आणि बँकेच्या स्टेटमेंटवर मुद्दलाची बाकी तेवढीच निघाली, की कर्जखातं चोख आहे. सगळ्या खात्यांची बेरीज शून्य यायला हवी. हीच तेरीज. नाही आली तर कुठेतरी यादीत नसलेला क्रमांक टाइप झालाय किंवा एक बाजू रिकामी राहिलीये. पण चुकीच्या खात्यावर टाकलेली नोंद तेरीज पकडत नाही. हप्ता वीजबिलात गेला तरी बेरीज शून्यच येते, म्हणून बँकेशी आणि पोर्टलशी ताडणं टाळता येत नाही.

दोन सवयी मला अजिबात चालत नाहीत. एक, 'यूपीआय' हे खर्चाचं खातं. यूपीआय हा पैसे देण्याचा रस्ता आहे, जमा बाजूला बँक लिहिली की काम झालं. दुसरी, प्रत्येक पुरवठादाराच्या नावाचं वेगळं खातं. कागदवाला, शाईवाला, पेनवाला असं करत यादी ऐंशीवर जाते. उधारी असेल तर '२२० व्यापारी देणं' एवढं एकच ठेवा आणि नाव तपशिलात लिहा, हवं तेव्हा फिल्टर लावता येतो. छोट्या दुकानाला पंचवीस खाती पुष्कळ होतात.

एप्रिलमध्ये नवी फाइल उघडा. जुन्या फाइलमधून १०० आणि २०० च्या गटातल्या बाक्याच तेवढ्या आणा. मालमत्ता असेल तर नावे ते खातं, जमा ३००. देणं असेल तर नावे ३००, जमा ते खातं. ३०० वर जी रक्कम उरेल ते तुमचं भांडवल, त्यात गेल्या वर्षीचा नफा आणि उचल दोन्ही आपोआप आलेले असतील. ४०० आणि ५०० ची पाटी कोरी.