ध्वनिमापक अ‍ॅप

फोनच्या मायक्रोफोनवर पडणारा आवाज डेसिबलमध्ये दाखवणारे अ‍ॅप. बोलणे, मिक्सर किंवा वेर्ण्याच्या कारखान्यातला ग्राइंडर अशा मधल्या पट्टीतल्या आवाजासाठी चांगले अ‍ॅप बऱ्यापैकी विश्वासू असते. अमेरिकेतल्या NIOSH या संस्थेचे NIOSH SLM हे आयफोनवरचे मोफत अ‍ॅप प्रयोगशाळेत सुमारे 2 डेसिबलच्या फरकाने बरोबर आले. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक मॉडेलचा मायक्रोफोन निराळा, त्यामुळे एकच अ‍ॅप दोन फोनांवर वेगळे आकडे देते.

गोव्यात अ‍ॅप उघडले जाते ते बहुधा रात्री, किनाऱ्यावरच्या संगीतापायी, आणि नेमके तिथेच ते फसवते. हणजूण-वागातोर भागातल्या घरात भिंतीतून आत येतो तो मुख्यतः बासचा, म्हणजे खालच्या सुरांचा दणदणाट, साधारण 40 ते 100 हर्ट्झचा. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा ‘ए’ भारांकनात, म्हणजे कानाच्या संवेदनेनुसार खालचे सूर कमी मोजून, ठरलेली आहे. 63 हर्ट्झला हे भारांकन सुमारे 26 डेसिबल वजा करते. खोलीत 70 डेसिबलचा बास घुमत असला, खिडकीच्या काचा थरथरत असल्या, तरी पडद्यावर जेमतेम 44 येतात. त्यात बोलण्यासाठी बनवलेल्या फोनमध्ये वाऱ्याचा फरफराट टाळायला खालचे सूर आधीच छाटलेले असतात. मग आकडा आणखी घसरतो.

म्हणून ‘ए’ आणि ‘सी’ दोन्ही मोजावे. ‘सी’ भारांकन 63 हर्ट्झला डेसिबलभरच घटवते. ‘सी’चा आकडा ‘ए’पेक्षा 20 किंवा अधिक असेल, तर त्रास बासचा आहे असे समजावे. फरक कमी आला म्हणून मात्र बास नाही असे होत नाही, कारण फोनने तो गिळलेलाही असू शकतो.

मोजताना फोनचे कव्हर काढावे आणि पंखा बंद करावा. मायक्रोफोनवरची हवेची झुळूक आवाज म्हणूनच नोंदली जाते. फोन भिंतीपासून मीटरभर दूर ठेवून क्षणाचा नाचणारा आकडा न पाहता 10 मिनिटांची सरासरी, LAeq, घ्यावी. संगीत थांबल्यावर त्याच जागी पुन्हा मोजावे. समजा, आधी 51 आले आणि नंतर रातकिड्यांसह 47. वजाबाकी 4 नव्हे: डेसिबल लॉगरिदमी असल्याने संगीताचा स्वतःचा वाटा सुमारे 49 निघतो. दोन आकड्यांत 3 डेसिबलही अंतर नसेल, तर त्यावरून संगीताचा आकडा काढू नये.

फोन जुळवायचा तर प्रमाणित मापकाशेजारी ठेवून एकसारखा आवाज, उदाहरणार्थ नळाची धार, दोन्हींवर मोजावा आणि फरक अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये भरावा. मापक जुळवायला ठरावीक आवाज देणारा कॅलिब्रेटर फोनच्या बारीक छिद्रावर घट्ट बसत नाही, म्हणून हाच मार्ग. ही दुरुस्ती बासला लागू पडत नाही.