फोटोतले आकडे नकाशावर मांडताना

३ डिसेंबर २०१२ रोजी ‘व्हाइस’ या मासिकाच्या संकेतस्थळावर जॉन मॅकॅफी यांचा फोटो झळकला. अँटिव्हायरसमुळे नाव कमावलेले हे गृहस्थ तेव्हा बेलीझ देशातून पसार झाले होते, कारण शेजाऱ्याच्या खुनाबाबत तिथल्या पोलिसांना त्यांची चौकशी करायची होती. ते कुठे दडलेत हे मासिकाने अर्थातच सांगितलं नव्हतं. पण फोटोच्या फाइलमध्ये पत्ता तसाच राहिला होता: १५° ३९′ २९.४″ उत्तर, ८८° ५९′ ३१.८″ पश्चिम. लोकांनी तो नकाशावर शोधला आणि ग्वाटेमालातलं रिओ दुल्से सापडलं. मॅकॅफींनी आधी ‘आकडे मीच मुद्दाम बदलले’ अशी थाप मारली, मग फोटो खराच असल्याचं कबूल केलं. दोनच दिवसांत त्यांना ग्वाटेमालात अटक झाली.

मोबाइल फोटो साठवतो तेव्हा चित्रासोबत माहितीचा एक छोटा कप्पाही फाइलमध्ये जातो. त्याला एक्झिफ म्हणतात. लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश तिथेच असतात, पण नकाशाला हवे तशा दशांश रूपात नव्हे. अंश, मिनिटं आणि सेकंद असे तीन वेगळे अपूर्णांक असतात, २९.४ हा आकडा २९४०/१०० असाही लिहिलेला असू शकतो. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवायचं. मॅकॅफींचा अक्षांश होतो १५ + ०.६५ + ०.००८१७, म्हणजे १५.६५८१७. रेखांश ८८.९९२१७.

आता गंमत बघा. हेच दोन आकडे असेच्या असे नकाशात घातले, तर खूण बंगालच्या उपसागरात पडते, साधारण गोव्याच्याच अक्षांशावर! एक्झिफमधले आकडे नेहमी धन असतात. पूर्व की पश्चिम हे `GPSLongitudeRef` या वेगळ्या रकान्यात `E` किंवा `W` अक्षराने नोंदलेलं असतं. `W` दिसला की रेखांशाला उणे चिन्ह लावायचं. भारतातले सगळे फोटो उत्तर-पूर्वेचे, त्यामुळे इथे हा रकाना कोणी पाहिला नाही तरी काही बिघडत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांचे फोटो मिसळले की गोंधळ उघडा पडतो.

बऱ्याच फोटोंचा नकाशा करायचा तर एक्झिफटूल हा मोफत प्रोग्राम चिन्हासकट हिशेब करून तक्ता देतो:

```
exiftool -csv -n -Composite:GPSLatitude -Composite:GPSLongitude -DateTimeOriginal -GPSTimeStamp *.jpg > photos.csv
```

हा तक्ता क्यूजीआयएससारख्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा. तिथे X म्हणजे रेखांश आणि Y म्हणजे अक्षांश. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, म्हणून अदलाबदल हमखास होते. सिंहगड साधारण १८.३६६, ७३.७५५ वर आहे. रकाने उलटे निवडले तर गड थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात जातो. आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात खुणांचा ढीग दिसला, तर त्या फोटोंत जागेची नोंदच नव्हती आणि रिकाम्या रकान्याचं कुठेतरी शून्य झालं, असं समजावं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेल्या चित्रांतून ही नोंद गळालेली असते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवली तर ती टिकते.

या चुका निदान डोळ्यांत भरतात. जुन्या जागेची चूक मात्र पकडावी लागते. फोनला नवी जागा लगेच सापडली नाही, तर तो कधीकधी शेवटची माहीत असलेली जागाच चिकटवून देतो. ती ओळखायला `GPSTimeStamp` कामी येतो. ही उपग्रहांच्या हिशेबातली जागतिक वेळ, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. समजा, सिंहगडावरचा फोटो ०९:५२ चा आहे, तर जीपीएसची वेळ ०४:२२ च्या आसपास हवी. ती ०३:४७ दिसली, तर जागा ०९:१७ ची आहे, म्हणजे पस्तीस मिनिटं शिळी. तेव्हा गाडी कदाचित पायथ्याशीही पोचली नसेल. फोनचं घड्याळच चुकलेलं असेल, तर मात्र सगळ्याच फोटोंत तेवढाच फरक दिसतो.

सेकंदाच्या दशांशालाही फार भुलू नये. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर, तेव्हा २९.४ मधला तो चार तीन-तीन मीटरच्या हिशेबाने बोलतो. मोकळ्या माळावर फोन त्याच्या जवळपास पोचतो. उंच इमारतींच्या गल्लीत किंवा कड्याखाली उपग्रहांचे संदेश भिंतींवर आपटून येतात आणि खूण सहज पलीकडच्या रस्त्यावर जाते. काही फोन `GPSHPositioningError` मध्ये आपला अंदाजी फरक मीटरमध्ये लिहून ठेवतात. तो असेल तर खुणेभोवती तेवढं वर्तुळ काढावं. त्या वर्तुळात असतो तो कॅमेरा. सिंहगडावरून टिपलेला राजगड नकाशावर सिंहगडावरच दिसणार. कॅमेऱ्याचा रोख हवा असेल तर `GPSImgDirection` पाहायचा, आणि तोही होकायंत्राजवळ लोखंडी कठडा नव्हता ना, हे आठवून.